उत्साह ओसरतो तेव्हा

चांगल्या साहेबाची एकच रीत असते, ही समजूत व्यवस्थापनशास्त्रातही बराच काळ टिकली. १९६४ साली ब्लेक आणि माउटन यांनी कामाची काळजी आणि माणसांची काळजी या दोन्हींत अव्वल असणारा नेता सर्वोत्तम ठरवला. १९६९ मध्ये पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांनी त्याला छेद दिला. मूल वाढते तसे आईबाप दोर सैल सोडतात, तसे सूचनांचे प्रमाण माणसाच्या तयारीप्रमाणे कमी होत जावे, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र ही तयारी सरळ रेषेत वाढते, हे त्यांचे गृहीतक मला कच्चे वाटते. ते पुढे ब्लँचर्ड यांनीच १९८५ च्या सुधारित मांडणीत बदलले. नवखा माणूस उत्साही असतो आणि थोडे शिकल्यावर तोच खचतो, हे त्यांनी मान्य केले. या सिद्धांताचा खरा कस मला इथेच दिसतो.

सीएनसी लेथवर आलेला आयटीआयचा मुलगा घ्या. पहिल्या आठवड्यात त्याला जॉब कसा पकडायचा, मायक्रोमीटर कुठे लावायचा हे एकेक करून सांगावे लागते, आणि तो ते आनंदाने ऐकतो. महिन्याभराने २५ मिलिमीटरचा शाफ्ट २५.०४ भरतो. ऑफसेटमध्ये ०.०४ वजा करायच्या जागी तो ०.४ वजा करतो आणि पुढचा जॉब भंगारात जातो. त्यानंतर तो प्रत्येक आकडा विचारून टाकू लागतो. आता ‘तुला येतंय की, कर’ म्हणून सोडले तर तो गडबडतो आणि नुसते ओरडले तर चुका लपवतो. त्याला आकडा टाकण्याआधी मोठ्याने वाचायला लावावे, पहिला जॉब सोबत मोजावा आणि दशांशचिन्ह कुठे चुकले ते समजावावे; म्हणजे सूचना आणि धीर दोन्ही हवेत. पुढे तो बरोबर ऑफसेट देऊनही विचारायला येतो, तेव्हा उत्तर न देता ‘तुझं मत काय?’ एवढेच विचारावे. तो विचारायचा थांबला आणि जॉब मापात येत राहिले की देखरेख काढून घ्यावी.

यावर पक्षपाताचा आक्षेप येतो: एकाला मोकळीक आणि दुसऱ्याच्या डोक्यावर उभे राहणे न्याय्य कसे? पण इथे तयारीची पातळी माणसाला नव्हे, कामाला लावायची असते. तोच मुलगा उद्या प्रोग्राम लिहायला बसला की पुन्हा नवखा ठरतो, आणि हे त्याला आधीच सांगितले तर अपमान वाटत नाही. दुसरा आक्षेप पुराव्याचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. रॉबर्ट वेक्चिओ यांनी १९८७ मध्ये शाळाशिक्षकांवर ही कल्पना तपासली, तेव्हा नवख्यांच्या बाबतीत ती बऱ्यापैकी खरी ठरली, मुरलेल्यांच्या बाबतीत नाही. म्हणून अनुभवी माणसाबाबत मी हा सिद्धांत आधाराला घेणार नाही. त्याला किती मोकळीक हवी हे त्यालाच विचारावे. शिकाऊ माणसाच्या खचण्याच्या काळात मात्र तो उपयोगी आहे, कारण नेमके तेव्हाच वरिष्ठ ‘आता शिकला’ असे धरून पाठ फिरवतात.