पदनामाचा रकाना

वेतन समानतेचा आढावा संचालक मंडळापुढे जातो, तेव्हा महिनाभराच्या कामातून एकच पान वाचले जाते. त्या पानावर पहिला आकडा कोणता लिहायचा, याबद्दलचे माझे मत गेल्या काही वर्षांत पार बदलले. सुरुवातीला मला वाटायचे की समान काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांची तुलना केली की झाले, बाकीचा फरक म्हणजे निव्वळ गोंगाट. आज त्याच बाकीच्या फरकापाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबते. हा बदल घडवला तो मुंबईतल्या एका जुन्या खटल्याने.

ऑड्री डि'कॉस्टा मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ होत्या. 1977 मध्ये त्यांची नोकरी गेली. समान वेतनाचा वटहुकूम 1975 मध्ये आला आणि 1976 मध्ये त्याचा कायदा झाला. त्या कायद्याखाली त्यांनी तक्रार केली की पुरुष स्टेनोग्राफरना आपल्यापेक्षा जास्त पगार मिळत होता. कंपनीचे म्हणणे होते की या स्त्रिया वरिष्ठ अधिकाऱ्यांना जोडलेल्या, त्यांचा वर्ग वेगळा. शिवाय पगार संघटनेबरोबरच्या करारानुसारच ठरलेला. पहिल्या पायरीवरच्या अधिकाऱ्याने काम सारखेच असल्याचे मान्य केले, पण फरक करारातून आला म्हणून त्यात भेदभाव नाही, असे ठरवले. अपिलात हा निर्णय फिरला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1987 मध्ये न्यायालयाने सांगितले की पाहायचे ते प्रत्यक्ष केलेले काम; करार ही ढाल होऊ शकत नाही आणि कंपनीची आर्थिक ओढाताण हीसुद्धा नाही.

हा निकाल मी पुन्हा वाचला तेव्हा एक प्रश्न मनात आला आणि मी अस्वस्थ झाले. आज मी वापरते तीच पद्धत त्या कंपनीला लावली असती, तर काय निघाले असते?

आजची पद्धत थोडक्यात अशी. पगारावर परिणाम करणाऱ्या गोष्टी घ्यायच्या: श्रेणी, पदनाम, अनुभवाची वर्षे, शहर, कामगिरीचा शेरा. या साऱ्या बाबतींत सारखे असलेल्या स्त्री-पुरुषांच्या पगारात किती अंतर उरते, ते गणिताने काढायचे. उरलेल्या भागाला कारण सापडत नाही, म्हणून तो संशयाचा भाग. आता डि'कॉस्टांच्या कार्यालयात ‘पदनाम’ हा रकाना धरा. ‘लेडी स्टेनोग्राफर’ या पदावर पुरुष असणे शक्यच नव्हते. तुलनेला समोर कोणी नाही, म्हणजे अंतर शून्य! जो रकाना अन्याय करत होता, त्यालाच आम्ही अन्यायाचे स्पष्टीकरण म्हणून वापरले असते.

आज इतके उघड पदनाम कुणी ठेवत नाही, पण रकाना तसाच काम करतो. समजा, एका कंपनीत 300 पुरुष आणि 100 स्त्रिया आहेत आणि श्रेणी दोनच. पुरुषांना खालच्या श्रेणीत महिना 60,000 मिळतात, वरच्या श्रेणीत 1,20,000. स्त्रियांना दोन्ही श्रेणींत तीन टक्के कमी, म्हणजे 58,200 आणि 1,16,400. पुरुषांपैकी 120 जण वर आहेत. स्त्रियांपैकी फक्त 20. पुरुषांचा सरासरी पगार 84,000 होतो, स्त्रियांचा 69,840. अंतर 14,160 रुपयांचे, म्हणजे जवळजवळ सतरा टक्के.

पूर्वी मी या कंपनीच्या पानावर ‘तीन टक्के’ लिहिले असते. संचालकांनी सुटकेचा श्वास सोडला असता, आणि गणितही बरोबर ठरले असते. पण त्या 14,160 रुपयांपैकी तीन टक्क्यांच्या वाट्याला जेमतेम 2,160 रुपये येतात. उरलेले 12,000 रुपये फक्त एवढ्यामुळे आहेत की स्त्रिया खालच्या श्रेणीत दाटल्या आहेत. ते 12,000 ‘स्पष्ट झाले’ असे आपण म्हणतो. स्पष्ट झाले ते एवढेच की पैसे कुठे अडले. का अडले, हे नाही. म्हणून आता मी दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहिते. ब्रिटनमध्ये 2017 पासून अडीचशे किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कच्चे अंतरच जाहीर करावे लागते. त्या आकड्यावर पुष्कळ टीका होते, आणि एकट्याने तो दिशाभूल करतोही. पण श्रेणीच्या आड लपलेले त्यातून निसटत नाही.

कामगिरीच्या शेऱ्याचेही तसेच आहे. बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची रजा घेऊन आलेल्या बाईच्या त्या वर्षाच्या शेऱ्यात ‘समाधानकारक’ लिहिले जाते, कारण वर्षातले अर्धेच काम कुणी पाहिलेले असते. इतरांना दहा टक्के वाढ मिळते, तिला पाच. 60,000 चे एकाचे 66,000 होतात, दुसरीचे 63,000. पुढची प्रत्येक वाढ टक्क्यांत असल्याने हे साडेचार टक्क्यांचे अंतर निवृत्तीपर्यंत भरून निघत नाही. शेरा जमेस धरून केलेली तुलना हे अंतर योग्यच ठरवते. म्हणून मी गणित दोनदा करते, शेरा धरून आणि सोडून. दोन उत्तरांत मोठी तफावत आली, की शेरे देण्याची पद्धत तपासायला घेते.

आता दुरुस्ती. तीन टक्क्यांचा भाग भरायला महिन्याला 2,16,000 रुपये लागतात, कंपनीच्या एकूण पगारखर्चाच्या पाऊण टक्क्याहून कमी. हे ऐकताच मान्य होते, आणि सगळ्या स्त्रियांना सरसकट तीन टक्के देण्याचा प्रस्ताव येतो. मी त्याला विरोध करते. तीन टक्के ही सरासरी असते. प्रत्यक्षात एखादी बारा टक्के मागे असते आणि दुसरी अजिबात नसते. प्रत्येकीचा अपेक्षित पगार काढून जिथे तूट आहे तिथेच भर घालावी लागते, आणि ती मूळ पगारात. एकदाच दिलेला बोनस पुढच्या वर्षी विरून जातो. कुणाचा पगार कमी करून बरोबरी साधायला 1976 च्या कायद्यानेच मनाई केली होती. नव्या वेतन संहितेतही ती आहे.

तूट येते कुठून, हे बहुधा नोकरी लागण्याच्या दिवशी सापडते. नव्या माणसाला आधीच्या पगाराची स्लिप मागायची आणि त्यावर टक्के चढवून आकडा ठरवायचा, ही आपल्याकडची सर्रास रीत. एका कंपनीतला अन्याय असा दुसरीत चालत येतो. ही रीत तशीच ठेवून केलेली दुरुस्ती दोन-तीन भरत्यांत पुसली जाते. नव्याने रुजू झालेल्यांची तुलना वेगळी काढली, तर हे लगेच दिसते.

श्रेणीचा भाग कठीण, कारण तिथे गणित थांबते. खालच्या श्रेणीतल्या त्या ऐंशी स्त्रियांपैकी कोण वरच्या श्रेणीचे काम करते, हे पाहायला कामाच्या नोंदी काढाव्या लागतात: ग्राहकाशी अंतिम बोलणे कोण करते, कुणाच्या सहीने काम पुढे सरकते, नव्यांना कोण शिकवते. समजा, अशा दहाजणी निघाल्या. तीन टक्क्यांची भर आणि या दहाजणींची श्रेणी, दोन्ही झाल्यावर स्त्रियांचा सरासरी पगार 78,000 होतो आणि अंतर सहा हजारांवर येते. पण फक्त या दहाजणींसाठी महिन्याला सुमारे सहा लाख लागतात, पहिल्या दुरुस्तीच्या जवळजवळ तिप्पट. संचालकांच्या बैठकीत शांतता पसरते ती याच ओळीवर.

कायद्याची कक्षाही इथे आखूड पडते. भारताने 1958 मध्ये मान्य केलेला आंतरराष्ट्रीय करार समान मूल्याच्या कामाबद्दल बोलतो. आपला कायदा मात्र समान किंवा समान स्वरूपाच्या कामाबद्दल. स्वागतकक्ष सांभाळणारी आणि गोदाम सांभाळणारा, यांच्या कामाचे मोल एकमेकांशी ताडून पाहायला कंपनीला आपणहून तयार व्हावे लागते. उरलेल्या सहा हजारांपैकी काही तिथे असतील. बाकीचे बढतीच्या नोंदींत असतील: कोण किती वर्षांनी वर गेले, कुणाचे नाव पुढे केलेच गेले नाही. म्हणून पुढच्या आढाव्यासाठी मी पगारपत्रकाआधी गेल्या पाच वर्षांच्या बढतीच्या शिफारशी मागवल्या आहेत, मंजूर झालेल्या आणि फेटाळलेल्याही.