आधी गोळे, मग कांडी

शाळेच्या प्रयोगवहीत हा प्रयोग चार ओळींत आटोपतो. काचेच्या दांड्यांवर बसवलेले धातूचे दोन गोळे एकमेकांना टेकवून ठेवायचे. रेशमावर घासलेली काचेची कांडी डाव्या गोळ्याजवळ न्यायची, पण शिवू द्यायची नाही. कांडी तिथेच धरून उजवा गोळा त्याच्या दांड्याला धरून बाजूला सारायचा आणि मगच कांडी काढून घ्यायची. डाव्या गोळ्यावर ऋण प्रभार राहतो, उजव्यावर धन.

वर्गात विचारले, तर बरीच मुले डाव्या गोळ्यावर धन लिहून मोकळी होतात. कांडी धन, ती याच्याजवळ आली, म्हणजे तिचेच काहीतरी याला लागले असणार! या चुकीवर लाल शाई ओढताना माझा हात थोडा अडखळतो. अठराव्या शतकातले भलेभले याच वाटेने विचार करत होते.

इंग्लंडमध्ये जॉन कँटनने 1753 साली छताला तागाच्या दोन दोऱ्या बांधल्या, आठ-नऊ इंच लांबीच्या. त्यांच्या टोकांना वाटाण्याएवढ्या बुचाच्या गोळ्या. घासलेली काचेची नळी तीन-चार फुटांवर आणली की एकमेकींना लागून असलेल्या गोळ्या दूर सरत, आणि नळी नेली की पुन्हा एकत्र येत. स्पर्श नाही, ठिणगी नाही. मग हे घडते कसे? कँटनने आणि त्याच्यामागून फ्रँकलिनने मानले, की प्रभारित वस्तूभोवती विजेच्या द्रवाचे वातावरण असते आणि ते इथवर पोचते. नळी नेल्यावर गोळ्यांवर काहीच का उरत नाही, हे मात्र त्या कल्पनेने सांगणे अवघड जात होते.

सेंट पीटर्सबर्गच्या एपिनसने 1759 च्या ग्रंथात ते वातावरणच काढून टाकले. काचेवर ठेवलेल्या धातूच्या दांडीच्या टोकावर त्याने धातूचा छोटा सुटा तुकडा ठेवला, काचेची प्रभारित नळी जवळ असतानाच तो उचलून घेतला आणि तपासला. नळीजवळच्या टोकाचा तुकडा ऋण निघाला. आपले दोन गोळे म्हणजे तीच दांडी मधोमध कापलेली. एपिनसचे म्हणणे असे, की काच काही देत नाही. ती धातूतल्या द्रवाला नुसते दुरून ढकलते. जवळच्या टोकाला त्याची तूट पडते, लांबच्या टोकाला गर्दी होते.

चिन्हे अगदी बरोबर आणि हालचाल नेमकी उलटी! आज आपण सांगतो, की धन कांडी उजव्या गोळ्यातले इलेक्ट्रॉन डावीकडे ओढते. गर्दी डावीकडे, तूट उजवीकडे. धातूत फिरणारे कण ऋण असतात याचा थेट पुरावा टोलमन आणि स्टुअर्ट यांनी 1916 साली दिला, तरी एपिनसच्या निष्कर्षातले एकही चिन्ह बदलावे लागले नाही. प्रभार दोन्ही गोळ्यांना मिळून शून्यच राहतो, आणि त्या हिशेबाला कोण धावले याच्याशी देणेघेणे नसते. म्हणून एक गोळा लिंबाएवढा आणि दुसरा नारळाएवढा असला तरी दोघांवरचा प्रभार सारखाच, फक्त उलट चिन्हाचा. त्यांना पुन्हा टेकवा, दोघेही कोरे होतात.

सगळी गंमत क्रमात आहे. कांडी आधी काढली तर सरकलेले इलेक्ट्रॉन टेकलेल्या गोळ्यांतून परत जागेवर जातात आणि हाती काही लागत नाही. गोळे टेकलेले असताना, कांडी जवळ असताना, कुणी त्यांना बोट लावून ते काढले आणि नंतर कांडी नेली, तर शरीरातून इलेक्ट्रॉन वर चढलेले असतात आणि दोन्ही गोळे ऋण होतात. मुलांच्या हातून हे हटकून होते, कारण गोळा सारताना दांडा सोडून गोळाच धरला जातो.

चिन्ह ओळखतानाही एक फसगत आहे. सुवर्णपत्र विद्युतदर्शीला आधी धन प्रभार द्यावा आणि गोळा त्याच्या तबकडीजवळ न्यावा. पाने आणखी फाकली तर गोळा धन, यात शंका नाही. पाने मिटू लागली म्हणून मात्र गोळा ऋण ठरत नाही. कोऱ्या गोळ्यानेही ती थोडी मिटतात. डाव्या गोळ्याची खात्री करायची तर विद्युतदर्शी ऋण करून घ्यावा आणि पाने फाकताहेत का ते पाहावे.

एका जुलैमध्ये मी हे सगळे यथासांग केले. उजव्या गोळ्याने पाने जेमतेम हलली, डाव्याने तेवढीही नाहीत. काचेच्या दांड्यांवर ओल धरली होती. प्रभार तिच्यावरून केव्हाच टेबलात उतरला होता. दांडे दिव्याखाली शेकून घेतले, कोरड्या फडक्याने पुसले आणि पुन्हा कांडी घासायला घेतली.