खोडलेलं वाक्य

सातवीच्या चाचणीसाठी उतारा लिहायला बसलं की हात आपोआप तात्पर्याकडे वळतो. माझाही वळला होता. पिठाच्या गिरणीतला एक प्रसंग लिहिला आणि शेवटी जोडून टाकलं, ‘आजीला वाचता येत नव्हतं, पण ते सांगायची तिला लाज वाटत होती.’ प्रश्न काढायला घेतले तेव्हा कळलं, मुलांनी शोधावं असं काही उरलंच नाही. ते वाक्य खोडलं. उरला तो हा उतारा:

‘शांताआजी दळण घेऊन गिरणीत आली. नंबर यायला वेळ होता, म्हणून मंदाशेजारी बाकावर बसून तिने पिशवीचा तुटका बंद शिवायला काढला. सुईत दोरा पहिल्याच झटक्यात गेला. भिंतीवरच्या फळ्यावर खडूने काहीतरी नवं लिहिलं होतं. आजी म्हणाली, “चष्मा घरीच राहिला बघ. काय लिहिलंय गं?” मंदाने एकदा सुईकडे पाहिलं. मग म्हणाली, “दळणाचा दर वाढलाय, आजी.” आजीने कनवटीचे पैसे दोनदा मोजले. डब्यातले दोन ओंजळी गहू परत पिशवीत काढून घेतले आणि डबा तराजूवर ठेवला.’

परीक्षेचा उतारा याहून मोठा असतो. पण तीनही तऱ्हेचे प्रश्न काढायला एवढा पुरतो.

पहिली तऱ्हा सरळ प्रश्नांची, म्हणजे उत्तर उताऱ्यात जसंच्या तसं सापडतं. ‘आजी काय शिवत होती?’ असे एक-दोन प्रश्न हवेतच, बिचकणारं मूलही त्यामुळे उताऱ्यात शिरतं. मात्र त्यावरून आकलन मोजू नये. ‘झुरकट फुलगीने टिमा केला’ या वाक्याला काडीचा अर्थ नाही. तरी ‘फुलगीने काय केला?’ असं विचारलं तर कोणीही ‘टिमा’ म्हणेल. आपल्याकडच्या कितीतरी उताऱ्यांखालचे प्रश्न या फुलगीच्या जातीचे असतात.

दुसरी तऱ्हा अनुमानाची. ‘चष्मा घरी राहिला, हे आजीचं बोलणं खरं वाटतं का? कशावरून?’ इथे सुईचं वाक्य आणि चष्म्याचं वाक्य एकमेकांना जोडावं लागतं. दोन्हींच्या मध्ये फळ्याचं वाक्य मी मुद्दाम ठेवलं होतं. लागून असती, तर न समजताही दोन्ही उतरवून काढता आली असती. असा प्रश्न काढल्यावर मी उतारा झाकून उत्तर देऊन पाहतो. ‘आजीने गहू का काढून घेतले?’ याला झाकून काहीही सुचेल, पण पटणारं उत्तर द्यायचं तर दरवाढ आणि दोनदा मोजलेले पैसे उताऱ्यातूनच आणावे लागतात. प्रश्न टिकला.

चष्म्याचा प्रश्न मात्र वर्गात आपटला. उत्तरसूचीत मी लिहिलं होतं, ‘आजीला वाचता येत नसावं.’ एका मुलीने लिहिलं, ‘बोलणं खरं आहे. आजीला जवळचं दिसतं, लांबचं दिसत नाही. सुई जवळ होती, फळा लांब होता.’ तिने उताऱ्यातलेच दोन पुरावे वापरले होते. चूक माझ्या उताऱ्याची होती, तिला पूर्ण गुण दिले. पुढच्या वेळी फळा काढून टाकला आणि गिरणीवाल्याने आजीच्या हातात छापील चिठ्ठी दिली. चार-पाच मुलांकडून आधी सोडवून घेतल्याशिवाय उतारा छापायला देऊ नये, हे मी तिच्याकडून शिकलो.

तिसरी तऱ्हा मूल्यमापनाची. आपल्या कृतिपत्रिकेत ती ‘स्वमत’ म्हणून येते. थॉमस बॅरेट यांनी १९६८ मध्ये आकलनाच्या पायऱ्या मांडल्या, त्यातही ती अनुमानानंतर येते, आणि ते रास्त आहे: आजीचं गुपित ज्याला कळलंच नाही तो मंदाच्या वागण्यावर मत कसं देणार? पण स्वमताच्या नावाखाली आपण ‘साक्षरतेचे महत्त्व लिहा’ असं विचारतो आणि पाठ केलेला निबंध येतो. तो उतारा न वाचताही लिहिता येतो. मी विचारलं, ‘मंदाला सगळं कळलं होतं, तरी ती काही बोलली नाही. तिचं वागणं तुम्हाला पटतं का?’ खरं तर ‘सगळं कळलं होतं’ हेही मी सांगायला नको होतं, दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात फुटतं. आता तिथे ‘मंदाने सुईकडे पाहिलं आणि मग वाचून दाखवलं’ एवढंच असतं.

गुण दोन. मताला एकही नाही. एक उताऱ्यातल्या आधाराला, एक त्या आधारावरून मत कसं निघतं ते सांगण्याला. ‘पटतं, कारण चारचौघांत आजीला खाली पाहावं लागलं नाही’ याला दोन. ‘पटत नाही, कारण पुढच्या वेळी मंदा शेजारी नसेल, तेव्हा आजी कोणाला विचारणार?’ यालाही दोन. ‘मंदा चांगली मुलगी आहे’ याला शून्य.