बुधवारचा कागद

धुळ्याच्या एका महाविद्यालयात गणिताच्या मॅडमनी वर्गात सांगितलं, "बुधवारी तीन ते पाच मी विभागात असते. शंका असतील त्यांनी या."

बुधवारी दारात गर्दी उसळली. पहिल्याच मुलाने पाऊण तास घेतला. पारोळ्याहून एसटीने येणारी एक मुलगी अडलेल्या गणिताची वही घेऊन मागे उभी होती. चार वाजले तशी ती मैत्रिणीला म्हणाली, "मनी बस निंघी जाई," आणि निघून गेली. पुढच्या चाचणीत नेमकं तेच गणित तिने अर्धवट सोडलेलं दिसलं. मॅडमनी कारण विचारलं, तेव्हा बसची गोष्ट कळली.

दर शुक्रवारी मग विभागाच्या दारावर पुढच्या बुधवारचा कागद लागू लागला. त्यावर तारीख, खोली आणि वीस-वीस मिनिटांच्या सहा वेळा असत: पंधरा मिनिटं शंकेची, पाच मिनिटं पुढच्याला आत येण्याची. तीन आणि तीन-वीसच्या वेळा बाहेरगावच्या मुलांच्या. मंगळवार संध्याकाळपर्यंत रिकाम्या राहिल्या तर कोणीही घ्याव्यात. शेवटची, चार-चाळीसची वेळ नाव न नोंदवता येणाऱ्यांची. नावापुढे शंका एका ओळीत लिहायची. कॉलेजला येणं जमलं नाही, तर वर्गप्रतिनिधीला फोन करून नाव लिहायला सांगायचं.

पहिल्याच आठवड्यात एका मुलाने दोन वेळा अडवल्या आणि शंकेच्या जागी नुसतं 'गणित' लिहिलं. चारला तो आलाच नाही. खोलीत मॅडम रिकाम्या बसल्या होत्या आणि बाहेर एक जण 'जागा भरली' असं वाचून परत गेला होता.

पुढच्या शुक्रवारी कागदावर आणखी दोन ओळी आल्या: 'आठवड्याला एकाला एकच वेळ. येणं जमणार नसेल, तर बुधवारी बारापर्यंत नाव खोडावं. खाली प्रतीक्षेत असलेल्या पहिल्याला ती वेळ मिळेल.'

त्या बुधवारी तीनच्या रकान्यात पारोळ्याच्या मुलीने लिहिलं होतं: 'प्रकरण ३, उदाहरण ७: दुसऱ्या पायरीत चिन्ह का बदललं?' मॅडमनी ते उदाहरण आधीच काढून ठेवलं होतं. दोन्ही बाजूंना ऋण संख्येने भागलं की असमानतेचं चिन्ह उलटतं, एवढंच तिचं अडलं होतं. मॅडमनी तिच्याकडून तशीच आणखी दोन उदाहरणं सोडवून घेतली. साडेतीनच्या आत ती बसस्थानकाच्या वाटेला लागली.

तात्पर्य: नुसती खुली ठेवलेली वेळ, ज्याला थांबणं परवडतं त्याच्या वाट्याला जाते. ती सर्वांना मिळावी, तर शिक्षकाने ती आधी वाटून लिहावी आणि विद्यार्थ्याने घेतलेली वेळ पाळावी, नाहीतर वेळेत सोडावी.