चाल उरलीच पाहिजे

२००१ साली आलेल्या ‘बिज्वेल्ड’च्या साध्या प्रकारात आठ बाय आठचा पट होता, सात रंगांची रत्नं होती आणि नियम कडक होता: जुळणारी चाल उरली नाही की डाव संपला. २०१२च्या ‘कँडी क्रश सागा’त चाल संपली की पट आपोआप पिसला जातो आणि खेळ पुढे चालू राहतो. खेळणाऱ्याला ही मेहेरबानी वाटते. बनवणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो दिलेला शब्द असतो, आणि नुसतं पिसून तो पाळता येत नाही.

सुरुवातीचा पट मांडणं सोपं. घरं ओळीने भरत जायची. डावीकडे लागोपाठ दोन घरं एकाच रंगाची असतील तर तो रंग टाळायचा, वरच्या दोन घरांनाही हाच नियम. फार तर दोन रंग बाद होतात, म्हणून एकूण तीन रंग असले तरी अडत नाही. यातून आयत्या तिकड्या टळतात. चाल आहे की नाही ते कळत नाही. त्यासाठी शेजारच्या घरांची प्रत्येक अदलाबदल करून पाहायची. आठ बाय आठच्या पटावर अशा ११२ होतात, फोनला हे काम किरकोळ.

खरी गोम आहे ती केव्हा तपासायचं आणि चाल कशाला म्हणायचं यात. तिकडी फुटली की वरच्या सोंगट्या घसरतात, नव्या पडतात, पुन्हा काहीतरी जुळतं. ही साखळी थांबण्याआधी केलेली तपासणी वाया जाते. शिवाय ‘कँडी क्रश’मध्ये पाच एका रांगेत जुळले की मिळणारा कलर बॉम्ब कोणत्याही शेजारच्या गोळीशी बदलता येतो. फक्त तिकड्या शोधणाऱ्या तपासनिसाला ही चाल दिसतच नाही. मग खेळणाऱ्याने राखून ठेवलेला बॉम्ब हाताशी असतानाच पट पिसला जातो, आणि त्याचा संताप रास्त असतो.

आता पिसणं. सोंगट्या ढवळायच्या, तिकडी नको पण चाल हवी असं तपासायचं, नाही जमलं तर पुन्हा ढवळायचं. बहुतेकदा हे लगेच जमतं. पण अडथळ्यांमुळे दहाच सोंगट्या हलत्या राहिल्या आणि पाच रंगांच्या दोन-दोन निघाल्या, तर हा फेरा कधीच संपणार नाही, पडदा गोठतो. अकरावी असती तर एखाद्या रंगाच्या तीन सापडल्याच असत्या.

म्हणून प्रयत्नांना मर्यादा घालावी आणि पुढे चाल हाताने पेरावी: वरच्या रांगेत लाल, लाल, निळी; निळीच्या खाली लाल. निळी आणि तिच्याखालची लाल बदलली की तिकडी तयार. बाकीच्या सोंगट्या भरताना आयती तिकडी झालीच, तर त्यातली एक दुसरीकडे हलवावी. एका रंगाच्या तीन नसतील तर एखादीचा रंगच बदलावा.

हेही जागेअभावी जमत नसेल, म्हणजे रांगेतली तीन घरं आणि त्यांना लागून चौथं एवढीही मोकळीक नसेल, तर दोष पिसण्याचा नाही. ती पातळीच चुकीची आखली आहे. ती खेळणाऱ्यापर्यंत जाऊ देऊ नये.