‘आयुष्यभर’ या शब्दाचं काय करायचं?

लग्न लावायला भटजींऐवजी मित्राला उभं करायची कल्पना माझ्या मैत्रिणीची. ‘तू बरा बोलतोस आणि दक्षिणा मागणार नाहीस,’ एवढीच माझी पात्रता. सकाळी विवाह अधिकाऱ्यासमोर विशेष विवाह कायद्याखाली लग्न आणि संध्याकाळी पुण्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये दहा मिनिटांचा समारंभ, असा बेत होता. त्या दहा मिनिटांत कोण काय बोलणार, ते मी लिहायचं. थोडं हसवायचं आणि शेवटी वचनं घ्यायची. नोटीस दिल्यावर हरकतींसाठी तीस दिवस थांबावं लागतं, त्यामुळे वेळ भरपूर होता.

पहिल्या खर्ड्यात मी इंग्रजी सिनेमांतलं वाक्य मराठीत घातलं होतं: ‘मला मिळालेल्या अधिकारानुसार मी तुम्हाला पती-पत्नी घोषित करतो.’ मग कायदा वाचला. 1954च्या त्या कायद्याचं बारावं कलम म्हणतं की लग्न तुम्हाला हव्या त्या पद्धतीने करा. पण विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना, त्यांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत, मी तुझा कायदेशीर पती किंवा पत्नी म्हणून स्वीकार करतो-करते, असं म्हटल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. मित्राचा कुठे उल्लेख नाही. तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन म्हणायचा की काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती कृतीच करतात. लग्नातलं वाक्य हे त्याचं आवडतं उदाहरण. पण बोलणाऱ्याला ते बोलायचा अधिकार नसेल, तर कृती घडतच नाही. म्हणजे मी घोषणा केली असती, तर हवेत बार.

ते वाक्य कापलं आणि सुरुवात अशी केली: ‘सकाळी सरकारने यांचं लग्न लावलं आहे. त्यामुळे मी आता कितीही चुकलो, तरी ते मोडणार नाही.’ लोक हसले. वाक्य खरंही होतं. कायद्याने मला दिलेलं काम म्हणजे तीन साक्षीदारांपैकी एकाची सही. संध्याकाळी मी तेच काम मोठ्या आवाजात करणार होतो.

विनोदाचं मात्र मला उशिरा कळलं. सुरुवातीला मी विनोद वचनांतच पेरले होते. ‘मी वायफायचा पासवर्ड कधी बदलणार नाही’ हे नवरदेवाला फार आवडलं. मैत्रिणीच्या घरी आम्ही ते मोठ्याने वाचून पाहिलं, तेव्हा सगळे हसले, आणि पुढचं आजारपणाबद्दलचं वचन त्या हसण्यातच वाहून गेलं. हसू ओसरायला वेळ लागतो. त्यात जे बोलाल तेही गमतीचंच वाटतं. शिवाय गमतीत दिलेल्या वचनाला मागचं दार असतं. उद्या कोणीही म्हणेल, ते काय, मजेत म्हटलं होतं. म्हणून सगळे विनोद वचनांच्या आधी नेले आणि त्यांचा रोख माझ्यावर ठेवला. मध्ये कागदावर लाल पेनने लिहिलं: ‘थांब. पाणी पी.’ दहा सेकंदांची ही शांतता मला संहितेतल्या कुठल्याही वाक्यापेक्षा जास्त उपयोगी पडली.

खरी अडचण वचनांपाशी आली. मी दोघांसाठी एकच वाक्य लिहिलं होतं, ‘मी तुझ्यावर आयुष्यभर प्रेम करीन.’ मैत्रिणीने कागद खाली ठेवला.

‘हे मी बोलणार नाही. हे वाक्य मी एकदा बोलले आहे. तेव्हाही मी खोटं बोलत नव्हते.’

तिचं हे दुसरं लग्न. विवाह अधिकाऱ्यासमोर सही करायच्या निवेदनात अविवाहित, विधुर-विधवा की घटस्फोटित हे लिहावं लागतं, आणि त्यातली माहिती खोटी निघाली तर शिक्षा होऊ शकते. ती म्हणाली, ‘तिथे मला जे खरं आहे तेच लिहायचंय. मग संध्याकाळी ज्याची मला खात्री नाही, ते का बोलू?’

नवरदेव दुखावला. ‘आयुष्यभर नसेल तर मग लग्न कशाला? अकरा महिन्यांचा भाडेकरार करू.’ आम्ही हसलो, पण तो हसत नव्हता.

त्या रात्री मी बाराव्या कलमातलं वाक्य पुन्हा वाचलं. त्यात प्रेम नाही आणि आयुष्यभरही नाही. वैदिक विधीतलं ‘नातिचरामि’सुद्धा तसंच आहे: मी मर्यादा ओलांडणार नाही. धर्म, अर्थ, काम यांबाबत कसं वागेन याची ती हमी आहे. मनात काय राहील याची नाही. हे जुन्यांना कळलं होतं असं म्हणून मला त्यांची पाठ थोपटायची नाही, कारण ते वचन एकटा नवरा देतो. दोघांनी आपल्या भाषेत बोलायचं, यासाठी मला जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक विवाह जवळचे वाटतात. 1873 साली सत्यशोधक समाज निघाला. त्याच्या विवाहांत भटजी नव्हता, मंगलाष्टकं मराठीत होती, आणि वधू वराकडे स्त्रियांच्या हक्कांची मागणी करायची.

भावना आपल्या हातात नसते, कृती असते. म्हणून मोडलं तर मोडलं असं दोघांनाही दिसेल, तेवढंच वचन द्यावं, असं माझं मत झालं. माझ्या धंद्यात ज्या अटीची चाचणी घेता येत नाही, ती अट आम्ही कागदावर ठेवत नाही. पण इथे मी थोडा फसलो. ‘आयुष्यभर’ हा शब्द मी नवरदेवाच्या कागदावरूनही खोडला, तर तो म्हणाला, ‘राहू दे. मला माहीत आहे मी कशावर सही करतोय.’ चाचणी घेता न येणारी गोष्ट माणूस डोळे उघडे ठेवून पत्करू शकतो. तिला मी खोटं म्हणू शकलो नाही.

शेवटी दोघांची वचनं वेगळी झाली. तो ‘आयुष्यभर’ म्हणाला. तिने स्वतः लिहिलेली दोन वाक्यं वाचली. ‘मला राग आला तर मी गप्प बसणार नाही, त्याच दिवशी तुला सांगेन. आणि इथून निघावं असं मला कधी वाटलं, तर ते सगळ्यांत आधी तुला कळेल.’ तिचं पहिलं लग्न गप्प बसण्यातच संपलं होतं. हे हॉलमधल्या चार-पाच जणांना ठाऊक होतं.

हॉल शांत झाला. हे माझ्या लाल पेनने झालं नव्हतं. कोणाचं वचन भारी यावर मी अजून विचार करतो. मला तिचं वाटतं. त्याच्या वचनाला वेळ दिली की झालं. तिचं मात्र सर्वांत नकोशा दिवशी पाळावं लागणार.

जेवताना तिच्या मावशी मला शोधत आल्या. ‘अरे, शुभ दिवशी जायची भाषा कशाला घातलीस?’ ती मी घातली नव्हती, पण लग्न लावणाऱ्याला सगळं ऐकून घ्यावं लागतं. मी काही बोलायच्या आत शेजारी जिलबी खात उभा असलेला नवरदेव म्हणाला, ‘मावशी, ते वाक्य माझ्यासाठी होतं. मला समजलं.’ मावशींचं समाधान झालं नाही. त्यांनी विचारलं, ‘आणि अंतरपाट का नव्हता?’