रिकामी जागा भरा

‘डॉक्टर, तेवढं व्हायरल फीव्हर लिहा ना. चौदा दिवसांचं.’

समोर बसलेले गृहस्थ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॉवर प्रेस चालवतात. वय छत्तीस, दोन मुलं, घराचा हप्ता. दोन महिने झोप नव्हती, जेवण सुटलं होतं. शेवटी मीच त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. नैराश्याचं निदान झालं, औषध सुरू झालं. सुट्टी लागणारच होती. पण तज्ज्ञांच्या लेटरहेडवर ठळक अक्षरांत ‘मनोविकार व व्यसनमुक्ती केंद्र’ असं छापलेलं. आत काहीही लिहा, कागदाचा माथाच सगळं बोलून मोकळा. म्हणून ते माझ्याकडे आले. फॅमिली डॉक्टरच्या कागदावरून कुणाला काही कळत नाही.

चौदा दिवसांचा व्हायरल ताप टाइम ऑफिसलाही पटत नाही, ही गोष्ट सोडा. खरं सांगायचं तर अशी ‘व्हायरल फीव्हर’ची सोय आमच्या धंद्यात सर्रास चालते. नैराश्य असो, गर्भपात असो, मूळव्याधीचं ऑपरेशन असो, कागदावर ताप, जुलाब, नाहीतर कंबरदुखी. पेशंटची लाज राखली, असं समजून मीही उमेदीच्या काळात हे केलं आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002च्या नियमांत खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या दाखल्याला एकच वाट दाखवली आहे: नोंदणी रद्द होण्याची. पण मी हे सोडलं ते भीतीपोटी नव्हे. या माणसाच्या बाबतीत काय झालं असतं ते पाहा. व्हायरल ताप उतरला, दाखला संपला, पंधराव्या दिवशी गडी सरळ तिसऱ्या पाळीत प्रेसवर. अंगात नुकतंच सुरू झालेलं, गुंगी आणणारं औषध. म्हणजे कंपनीला ज्याची गरज नव्हती ते, म्हणजे आजाराचं नाव, मी दिलं आणि तेही खोटं. जे कळायलाच हवं होतं ते मात्र दिलंच नाही.

मालकाला नेमकं काय हवं असतं? माणसाला खरंच डॉक्टरने तपासलं का, कधी तपासलं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तो येणार नाही आणि आल्यावर कोणतं काम त्याला देता येणार नाही. पाळी लावायला, बदली माणूस बघायला आणि पगार काढायला एवढं पुरतं.

अडचण अशी की, त्याच 2002च्या नियमांत दाखल्याचा जो नमुना दिला आहे, त्यात अमुक व्यक्ती ‘या आजाराने ग्रस्त आहे’ अशी रिकामी जागा आहे. खाली टीप आहे की आजाराचं स्वरूप आणि संभाव्य कालावधी लिहावा. आणि त्याच नियमांत पुढे सांगितलं आहे की, पेशंटचं गुपित न्यायालयाचा आदेश, कुणा विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका आणि सरकारला कळवायचे रोग, एवढे अपवाद सोडून फोडू नये. एका हाताने जागा मोकळी ठेवायची, दुसऱ्या हाताने ती भरू नका म्हणायचं. यातून वाट काढायचा एकच मार्ग आहे: ती जागा पेशंटची. कागद तोच घेऊन जाणार, तेव्हा त्यात काय असावं हे त्यानेच ठरवायचं. पण पगार अडकलेला माणूस ‘लिहा काय ते’ म्हणतो, त्याला मी संमती मानत नाही. म्हणून आधी विचारतो, ‘हा कागद कुणाकुणाच्या टेबलावरून जाणार?’ सुपरवायझर, टाइम ऑफिस, एचआर, अकाउंट्स. आणि हल्ली त्याआधी फोटो काढून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. हे ऐकल्यावर माणूस गप्प होतो, मग ठरवतो.

प्रेसवाल्यांना मी लिहून दिलं ते असं. वर त्यांची सही, ओळखखूण म्हणून डाव्या भुवईवरचा जुना व्रण. मग: ‘यांना मी 3 तारखेला तपासले. ते वैद्यकीय उपचाराखाली आहेत. 3 ते 16 तारखेपर्यंत, दोन्ही दिवस धरून 14 दिवस, ते कामावर जाण्यास तंदुरुस्त नाहीत. 17 तारखेला फेरतपासणी.’ खाली सही, तारीख, नोंदणी क्रमांक. पूर्वी मी ‘रुग्णाच्या विनंतीवरून आजाराचा तपशील दिलेला नाही’ असंही एक वाक्य घालायचो. ते सोडून दिलं. झाकलेल्या ताटाकडेच सगळ्यांचं लक्ष जातं. निदान, तज्ज्ञांचं पत्र, औषधं हे सगळं माझ्याकडच्या दाखल्यांच्या रजिस्टरमध्ये आणि केसपेपरवर आहे. उद्या कुणी खरेपणा तपासायला आलं तर माझी बाजू तिथे पक्की आहे.

सतरा तारखेला फिटनेस दिला. पहिल्या मसुद्यात ‘गुंगी आणणारे औषध चालू असल्याने’ असं लिहिलं होतं, ते खोडलं. कारण दिलं की तर्क सुरू होतात. उरलं एवढंच: ‘आजपासून रुजू होण्यास योग्य. पुढील चार आठवडे रात्रपाळी, पॉवर प्रेस व उंचावरचे काम देऊ नये. त्यानंतर तपासून कळवीन.’ व्हायरलच्या दाखल्याने जे कधीच कळलं नसतं, ते या तीन ओळींत कंपनीला कळलं.

तारखांची एक गोष्ट राहिली. पेशंट पाचव्या दिवशी येतो आणि पहिल्या दिवसापासूनचा दाखला मागतो. तेव्हा ‘मागील चार दिवस आजारी असल्याचे त्यांनी सांगितले, आज तपासले’ असं वेगळं करून लिहितो. मागची तारीख टाकून सही केली तर पुढचं खरंही खोटं ठरतं.

फोनही येतात. ‘डॉक्टर, नक्की काय झालंय हो त्याला?’ आवाजात बहुतेक वेळा काळजीच असते. मी दाखला माझाच आहे एवढं सांगतो. कामाबद्दल काही शंका असेल तर लेखी विचारा, पेशंटला दाखवून उत्तर देईन, असंही सांगतो. मोठ्या कारखान्यात कंपनीचे डॉक्टर असतात. त्यांना पेशंटच्या लेखी संमतीने बंद पाकिटात जास्त लिहिता येतं. ते पाकीट टाइम ऑफिसात जात नाही.

आजार न लिहिलेला दाखला सगळीकडे चालतो असं मात्र नाही. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळते, पण ती पुरावा दाखवल्यावर. तिथे ‘वैद्यकीय कारण’ चालत नाही. मग मी बाईंना दोन्ही बाजू सांगतो: कारण न लिहिता नेहमीची सिक लीव्ह, नाहीतर कारण लिहून सहा आठवडे. निर्णय त्यांचा. लिहायचंच ठरलं तर ‘गर्भपात’ हा आपला शब्द बरा आहे; तो आपसूक झाला की करवून घेतला, हे त्यातून कळत नाही. रजा दोन्हींना सारखीच. सरकारी नोकरीत ठरलेल्या नमुन्यात आजार लिहावाच लागला तर ‘शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती’ इतपत मोघम, पण खरं लिहून बघतो. कधी तो कागद परत येतो. मग पेशंटशी पुन्हा बोलतो.

तुम्ही पुढच्या वेळी ‘मेडिकल’ टाकाल तेव्हा दाखला घडी घालून खिशात टाकू नका. दवाखान्यातच बसून वाचा, लेटरहेडसकट. एखादा शब्द खटकला तर डॉक्टरांना सही करण्याआधी सांगा.